चौदा चौकशा, एकतीस कन्व्हर्जन

नोकरीच्या अर्जात आकडा दिसला की माझा हात आधी कॅल्क्युलेटरकडे जातो. माणसाचं नाव, कॉलेज, छंद हे सगळं नंतर. पुण्यातल्या एका छोट्या जाहिरात एजन्सीत मी खाती सांभाळतो आणि प्रशिक्षणार्थी घ्यायचे असले की आलेले अर्ज वाचायचं कामही माझ्याच गळ्यात पडतं. पद असतं ‘परफॉर्मन्स मार्केटिंग ट्रेनी’. अर्ज करणारे बहुतेक नुकतेच बीकॉम, बीबीए, बीएमएस झालेले. अनुभव शून्य, आणि तो नसणारच. म्हणून हल्ली बरीच मुलं पत्रात ‘सराव म्हणून केलेली कॅम्पेन’ लिहितात. ते योग्यच आहे. पण त्या चार ओळींवर अर्ज कसा तरतो आणि कसा बुडतो, हे लिहिणाऱ्याला सहसा कळत नाही.

आधी या कामाबद्दल थोडं. चौकात होर्डिंग लावलं तर ते किती जणांनी पाहिलं आणि त्यातले किती दुकानात आले, हे नेमकं सांगता येत नाही. गूगलवरची किंवा इन्स्टाग्रामवरची जाहिरात मात्र मोजता येते: कितींना दिसली, कितींनी दाबली, दाबणाऱ्यांपैकी कितींनी चौकशी केली, कितींनी पैसे दिले. खर्च झालेल्या प्रत्येक रुपयाचा असा पुढपर्यंत माग काढायचा आणि त्यावरून पुढचा रुपया कुठे घालायचा ते ठरवायचं, याला परफॉर्मन्स मार्केटिंग म्हणतात. ट्रेनीच्या वाट्याला यातलं सगळ्यात रुक्ष काम येतं. सकाळी येऊन कालचा खर्च बघायचा, लोकांनी काय टाइप केल्यावर आपली जाहिरात दिसली ती यादी चाळायची, तुटलेली लिंक शोधायची, शीट भरायची. म्हणजे मला हवा असतो हिशेब बघून शंका येणारा माणूस. आणि पत्रांत भेटतात ते सगळे ‘पॅशनेट’, ‘रिझल्ट-ओरिएंटेड’.

उदाहरण म्हणून एक मुलगी घेऊ. ती कुणी एक व्यक्ती नाही. मी वाचलेल्या अनेक अर्जांतले गुण-दोष तिच्या अंगावर घातलेत, आणि आकडे हिशेब नीट दिसावा म्हणून मीच मांडलेत. ती बीकॉम झाली आहे. तिच्या काकू कर्वेनगरमध्ये डबे देतात. एका वेळच्या जेवणाचे महिन्याला २,८०० रुपये. बत्तीस डबे चालू आहेत. जुलैमध्ये कॉलेजं सुरू होताना तिने काकूंसाठी गूगलवर चौदा दिवस जाहिरात चालवली, रोज अडीचशे रुपये. दोन आठवड्यांचे ३,५०० झाले. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून खिशातून गेले ४,१३०. काकूंनी निम्मे दिले, निम्मे तिने शिकवणीच्या पैशांतून घातले.

तिच्या पत्राच्या पहिल्या खर्ड्यात ही कॅम्पेन अशी आली होती: ‘मी एका फूड ब्रँडसाठी यशस्वी कॅम्पेन राबवली. क्लिकचं प्रमाण अडीच टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट नेलं. एकूण ३१ कन्व्हर्जन मिळवली. खर्चाच्या २.४ पट उत्पन्न आणलं.’

यातला एकही आकडा खोटा नाही. सगळे स्क्रीनवर दिसतात, त्यांचे स्क्रीनशॉटही निघतात. तरी हा परिच्छेद वाचून मी अर्ज बाजूला ठेवला असता. का, ते एकेका आकड्याने बघू.

आधी ते एकतीस. काकूंची मोठी वेबसाइट नाही. मुलीने एक साधं पान बनवलं होतं, त्यावर भाजीचा आठवड्याचा तक्ता, दर आणि खाली व्हॉट्सॲपचं हिरवं बटण. ते बटण दाबलं की गूगलने ‘कन्व्हर्जन’ मोजायचं, असं तिने लावून दिलं. पण बटण दाबणं म्हणजे निरोप पाठवणं नव्हे. कुणी दाबलं, व्हॉट्सॲप उघडलं आणि काही न लिहिता बंद केलं. कुणी दोनदा-तीनदा दाबलं. मोजणीच्या सेटिंगमध्ये ‘एका क्लिकमागे एकदाच’ असं न निवडता ‘प्रत्येक वेळी’ राहून गेलं होतं, म्हणून त्याच माणसाचे तीन धरले गेले. स्क्रीनवर एकतीस, आणि काकूंच्या फोनमध्ये खरे निरोप किती? चौदा.

हे चौदा तिला सांगता आले, कारण तिने एक शहाणपणाची गोष्ट केली होती. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये निरोपाचा मजकूर आधीच भरून ठेवता येतो. तिने त्यात एक खूण घातली:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Dabyachi%20mahiti%20havi%20K1
```

पहिल्या आठवड्यात खूण K1, दुसऱ्या आठवड्यात K2. काकूंच्या फोनवर इतरही निरोप येतातच, कुणाला कुणी सांगितलेलं असतं, कुणी गल्लीतली पाटी वाचलेली असते. खुणेमुळे जाहिरातीतून आलेले वेगळे काढता आले. युक्ती जुनी आहे. क्लॉड हॉपकिन्स नावाच्या अमेरिकन जाहिरातकाराने १९२३ साली ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक लिहिलं. वर्तमानपत्रातल्या कापून पाठवायच्या कुपनांवर वेगवेगळ्या खुणा छापायच्या आणि कुठल्या जाहिरातीने किती कुपनं परत आणली ते मोजायचं, ही त्याच्या पद्धतीतली मुख्य गोष्ट. तेव्हा कात्री लागायची, आता लिंक लागते, एवढाच फरक. खर्ड्यात मात्र या खुणेचा उल्लेखच नव्हता. मुलीला वाटलं, हे फार साधं आहे, काय लिहायचं!

आता २.४ पट. चौदा चौकशांपैकी चार लोक हिंजवडी, वाकडकडचे निघाले. काकूंचा डबा सायकलवर जातो, तिथवर पोचत नाही. पाच जणांनी दर विचारला आणि गप्प झाले. पाच जणांनी एक दिवस चव बघायला डबा घेतला, त्यातले तिघं महिन्याचे गिऱ्हाईक झाले. तीन गुणिले २,८०० म्हणजे ८,४००. त्याला ३,५०० ने भागलं की आले २.४. छान दिसतं. पण गॅस, किराणा, भाजी, डबा पोचवणाऱ्या मुलाचा पगार जाऊन काकूंना एका डब्यामागे महिन्याला साधारण सातशे रुपये सुटतात. तिघांचे २,१००. जाहिरातीला गेले ४,१३०. म्हणजे पहिल्या महिन्याअखेर काकू जवळजवळ दोन हजारांनी खड्ड्यात होत्या, आणि पत्र म्हणत होतं ‘२.४ पट उत्पन्न’.

यात काकूंचं नुकसान झालं असं मात्र नाही. महिन्याचं गिऱ्हाईक एकदा जेवायला लागलं की पुढचे महिने जाहिरातीशिवाय येतं. ४,१३० ला सातशेने भागा, सहाच्या किंचित खाली येतं. तिघांनी मिळून सहा महिन्यांचे पैसे भरले की जाहिरात वसूल. सप्टेंबरअखेरपर्यंत एकजण महिन्यानंतर सोडून गेला होता, दोघांनी जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन-तीन महिने भरले होते. एकूण सात भरणा, सातशेप्रमाणे ४,९००. ७७० रुपये वर. हा आकडा ‘२.४ पट’पेक्षा दिसायला किती किरकोळ! पण ज्या उमेदवाराला तो काढता येतो, तिला काकूंच्या धंद्यात पैसा कसा येतो हे कळलं आहे. आमच्याकडच्या एखाद्या क्लायंटने ‘जाहिरात परवडते का हो?’ असं विचारलं, तर त्याला याच जातीचं उत्तर द्यावं लागतं.

राहिलं क्लिकचं दुप्पट झालेलं प्रमाण. इथे ही कॅम्पेन खरोखर वाचण्यासारखी आहे, म्हणून जरा थांबतो.

गूगलवर शोधाच्या जाहिरातीत आपण काही शब्द देतो, त्यांना कीवर्ड म्हणतात. मुलीने `tiffin service` दिलं. पण हा शब्द किती सैल धरायचा हेही सांगावं लागतं. ब्रॉड मॅच ठेवलं तर गूगल अर्थाने जवळच्या वाटणाऱ्या शोधांवरही जाहिरात दाखवतं. नवं खातं उघडून घाईने पुढे-पुढे करत गेलं की हेच पदरात पडतं. आता ‘टिफिन’ हा शब्द आपल्याकडे किती कामं करतो बघा. टिफिन म्हणजे जेवण, टिफिन म्हणजे स्टीलचा डबा, टिफिन म्हणजे पोरांच्या शाळेच्या डब्याच्या रेसिपी, आणि टिफिन पोचवण्याची नोकरीही. पहिल्या आठवड्यात १,७५० रुपयांत १४० क्लिक आले. आठव्या दिवशी मुलीने शोधांची यादी उघडली. गूगल सगळे शोध दाखवत नाही, फार थोड्यांनी केलेले झाकून ठेवतं. १४० पैकी ९६ क्लिकचे शोध दिसत होते. त्यात `steel tiffin box 3 layer`, `kids tiffin recipe`, `tiffin delivery boy job` असल्या शोधांवरून आलेले ४१ क्लिक निघाले. ज्याला डबा विकत हवा होता तो काकूंच्या आमटी-भाताच्या तक्त्यावर येऊन पडत होता, आणि त्याचे साडेबारा रुपये काकू भरत होत्या.

तिने दोन गोष्टी केल्या. ब्रॉडऐवजी फ्रेज मॅच लावलं, आणि `box`, `recipe`, `job`, `steel`, `bag` असे शब्द ‘निगेटिव्ह’ म्हणून दिले, म्हणजे हे शब्द असलेल्या शोधावर जाहिरात दाखवूच नका. दुसऱ्या आठवड्यात तेवढ्याच १,७५० रुपयांत १०० क्लिक आले. शोध दिसत होते ७० क्लिकचे, त्यात भलते फक्त ६.

क्लिकचं प्रमाण दुप्पट झालं ते यामुळे. डबा शोधणाऱ्यांना जाहिरात दिसेनाशी झाली, पाहणारे कमी झाले, त्यामुळे टक्का वाढला. टक्का वाढणं हा परिणाम झाला. काम होतं भलते शोध हुडकून कापण्याचं, आणि खर्ड्यात तेच नव्हतं. होता फक्त टक्का.

आणि एक आकडा तिने मुद्दाम गाळला होता, कारण तो तिला लाजिरवाणा वाटला. पहिल्या आठवड्यात एक क्लिक साडेबारा रुपयांना पडला, दुसऱ्यात साडेसतरा. महागला! नवशिके हा आकडा हमखास लपवतात. पण पहिल्या आठवड्यात दिसणाऱ्या ९६ पैकी कामाचे क्लिक ५५ होते, शंभरातले सत्तावन्न. न दिसणारे क्लिकही त्याच मापाचे धरले तर एका कामाच्या क्लिकला पडले सुमारे बावीस रुपये. दुसऱ्या आठवड्यात ७० पैकी ६४ कामाचे, म्हणजे एक कामाचा क्लिक एकोणीस रुपयांना. क्लिक महाग झाला आणि कामाचा क्लिक स्वस्त झाला. मला मुलाखतीत कुणी एवढं एक वाक्य आपणहून सांगितलं तर मी चहा मागवतो.

इथे एक मोह होतो, तोही सांगायला हवा. पहिल्या आठवड्यात चौकशा आल्या पाच, दुसऱ्यात नऊ. १४० क्लिकमधून पाच आणि १०० मधून नऊ. म्हणजे साडेतीन टक्क्यांवरून नऊ टक्के. ‘चौकशीचं प्रमाण अडीचपट केलं’ असं लिहावंसं वाटणारच. पण दुसऱ्या आठवड्यातल्या नऊपैकी दोघं जरी योगायोगाने पहिल्या आठवड्यात आले असते, तर दोन्हीकडे सात-सात झाले असते आणि टक्के झाले असते पाच आणि सात. दोन माणसांच्या लहरीवर जे गणित उलटंपालटं होतं त्यावर दावा उभा करू नये. शिवाय दुसऱ्या आठवड्यात आणखी काही कॉलेजं सुरू झाली होती, भुकेली मुलं वाढली होती. भलत्या शोधांचं मात्र तसं नाही. ९६ पैकी ४१ आणि ७० पैकी ६, यात पाच-सहा क्लिक इकडचे तिकडे केले तरी चित्र तेच राहतं. चौदा दिवसांच्या एवढ्याशा कॅम्पेनमधून किती सिद्ध होतं आणि किती होत नाही, हे ओळखणं या कामात फार लवकर लागतं. पाच-पाच लाखांच्या खात्यातही सोमवारी तीन विक्र्या जास्त झाल्या की कुणीतरी पेढे वाटायला निघतंच.

दोन बदल एकाच वेळी केले, त्यामुळे फ्रेज मॅचने किती फरक पडला आणि निगेटिव्ह शब्दांनी किती, हे तिला सांगता येत नाही. एक आधी करून चार दिवस थांबायला हवं होतं. अर्थात रोज अडीचशे रुपयांत चार दिवस थांबून तरी किती कळलं असतं, हाही प्रश्न आहेच.

यादीत तिला आणखी एक गोष्ट दिसली होती. जाहिरात कर्वेनगरच्या आसपास चार किलोमीटरपुरती लावली होती, तरी काही क्लिक लातूर, नांदेड, सोलापूरहून आलेले. याचं कारण असं की, गूगल ठिकाणाच्या सेटिंगमध्ये आपण वेगळं काही निवडलं नाही तर त्या भागात असलेल्या माणसांसोबतच त्या भागात रस दाखवणाऱ्यांनाही धरतं. ऑनलाइन शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा सल्ला ठरलेला असतो: ते आधी बंद करा, पैसे वाया जातात. मुलगी बंद करायलाच निघाली होती. काकू म्हणाल्या, ‘अगं, बाहेरगावची पोरं इथं यायच्या आधी तिथूनच शोधतात. आई-बाप तर नक्कीच.’ तिने शोध पुन्हा बघितले. लातूरहून आलेल्याने टाइप केलं होतं `veg tiffin karve nagar pune`. ते चालू ठेवलं. महिन्याच्या तीन गिऱ्हाइकांपैकी एक असंच आलं, लातूरच्या एका वडिलांनी मुलासाठी लावलेला डबा. उलट हिंजवडी-वाकडच्या चार चौकशा फुकट गेल्या, कारण जाहिरातीच्या मथळ्यात नुसतं ‘पुण्यात घरगुती डबा’ होतं. दूरच्या लातूरचा माणूस कामाचा निघाला आणि जवळच्या वाकडचा बिनकामाचा. हा प्रसंग खर्ड्यात नव्हता. तिला वाटलं, यात माझी हुशारी कुठे, काकूच म्हणाल्या. पण ऐकून यादी परत कुणी उघडली?

हे सगळं ध्यानात घेऊन पत्र पुन्हा लिहिलं तर कसं होईल? प्रत्यक्षात ते इंग्रजीत, ईमेलने जातं आणि एका पानाच्या आत बसावं लागतं. इथे मराठीत देतो.

‘माननीय महोदय,

आपल्याकडील परफॉर्मन्स मार्केटिंग ट्रेनी या पदासाठी हा अर्ज. मी यंदा बीकॉम झाले. नोकरीचा अनुभव नाही. जुलैमध्ये मी माझ्या काकूंच्या डब्याच्या व्यवसायासाठी चौदा दिवस गूगलवर शोधाची जाहिरात चालवली. काम मी एकटीनेच केलं. खर्च ३,५०० रुपये, जीएसटीसह ४,१३०. यातला निम्मा माझा होता.

पहिल्या आठवड्यात मी कीवर्ड ब्रॉड मॅचवर ठेवण्याची चूक केली. आठव्या दिवशी शोधांची यादी पाहिली तेव्हा दिसणाऱ्या ९६ क्लिकपैकी ४१ स्टीलचे डबे, रेसिपी आणि नोकऱ्या शोधणाऱ्यांचे निघाले. फ्रेज मॅच आणि निगेटिव्ह शब्द लावल्यावर दुसऱ्या आठवड्यात हेच प्रमाण ७० पैकी ६ झालं. एका क्लिकचा दर १२.५० वरून १७.५० रुपये झाला, पण कामाच्या क्लिकचा दर, माझ्या अंदाजाने, २२ वरून १९ रुपयांवर आला. दोन्ही बदल एकदम केल्याने कशाचा परिणाम किती, हे मला सांगता येत नाही.

गूगलने ३१ कन्व्हर्जन दाखवली. काकूंच्या फोनवर खरे निरोप १४ आले. फरक बटणाच्या मोजणीतल्या माझ्या सेटिंगमुळे होता. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये खूण घातल्यामुळे तो पकडता आला. चौदातून तीन महिन्याची गिऱ्हाइकं मिळाली. सप्टेंबरअखेर त्यांच्याकडून सात महिन्यांचे पैसे आले, खर्च वजा जाता सुमारे ४,९०० रुपये सुटले आणि जाहिरात वसूल झाली. पहिल्या महिन्यात ती तोट्यात होती. एक गिऱ्हाईक गल्लीतली पाटीही रोज पाहत होतं, त्यामुळे तिघंही जाहिरातीमुळेच आले असं मी म्हणणार नाही.

इन्स्टाग्रामवर मी अजून जाहिरात चालवलेली नाही. शीटमधले फिल्टर आणि पिव्हट टेबल येतात. खात्याचे स्क्रीनशॉट आणि हिशेबाची शीट सोबत जोडली आहे. ती काकूंच्या परवानगीने दिली असून गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर काढून टाकले आहेत.

आपली विश्वासू’

या पत्रात ‘यशस्वी’ हा शब्द नाही. ‘फूड ब्रँड’ जाऊन काकू आल्या, ते तर फारच बरं झालं. काकूंना फूड ब्रँड म्हणणारा उमेदवार उद्या क्लायंटला काय काय म्हणेल, याची धास्ती वाटते. ‘एकटीने केलं’ हे शब्द मला विशेष लागतात, कारण क्लासमध्ये वीस जणांनी मिळून एक कॅम्पेन बघितलेली असते आणि पुढे वीस अर्जांत तीच कॅम्पेन येते. एकदा एकाच दिवशी तीन अर्ज उघडले, तिन्हींत एकच स्क्रीनशॉट, कोपऱ्यातलं घड्याळही तेच. तिघांनीही लिहिलं होतं, ‘मी राबवली’. क्लासमधलं सामूहिक काम लिहायला हरकत नाही, पण आपल्या वाट्याला काय आलं ते लिहावं, मग ते निगेटिव्ह शब्दांची यादी करण्याएवढं असलं तरी चालेल.

स्क्रीनशॉटमधले नंबर झाकण्याचं म्हणाल, तर ती नुसती सभ्यता नाही. ट्रेनीच्या हाती पहिल्याच आठवड्यात लोकांच्या नावा-नंबरांच्या फायली येतात. जो अर्जातच दुसऱ्याच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर उघडे पाठवतो, त्याच्या हाती त्या देताना माझा हात अडखळतो. इंटर्नशिप केलेली मुलं कधी कधी आधीच्या कंपनीच्या खात्याचा खर्चच जोडून पाठवतात. त्यापेक्षा काकूंचे साडेतीन हजार बरे.

असं पत्र आलं तर मी मुलाखतीला बोलावतो. तिथे कॅम्पेनवर फार वेळ जात नाही, कारण विचारायचं बरंचसं पत्रातच असतं. सेटिंग खरंच स्वतः केलं होतं का, हे कळायला दोन प्रश्न पुरतात: फ्रेज मॅच लावल्यावर कुठला चांगला शोध हातचा गेला, आणि झाकलेल्या ४४ क्लिकचं तू काय धरलंस? पहिल्याचं उत्तर ज्याने यादी रोज चाळली त्यालाच येतं. दुसऱ्याचं खरं उत्तर ‘माहीत नाही, बाकीच्यांसारखेच धरले’ एवढंच आहे, आणि ते न अडखळता देता यायला हवं.

मग मी तिसरा विचारतो: आता आणखी साडेतीन हजार दिले तर कुठे घालशील? बहुतेक मुलं इथे उत्साहाने इन्स्टाग्राम, रील, नवे कीवर्ड असं सांगू लागतात. या मुलीकडून मला वेगळं उत्तर अपेक्षित आहे. काकूंची मोठी पातेली चाळीस डब्यांची आहेत, त्याच्या वर स्वयंपाक एका बाईच्या हाताने होत नाही. सध्या चौतीस डबे चालू आहेत. दिवाळीत मुलं गावी जातात, एप्रिलमध्ये परीक्षा झाल्या की निम्मे डबे बंद होतात. म्हणजे आत्ता जास्तीत जास्त सहा डब्यांची जागा, आणि त्यातले दोन-तीन तर पाटी बघूनच भरतील. ‘पैसे आत्ता नको,’ असं तिने म्हणावं. ‘जूनच्या दुसऱ्या आठवड्यात द्या. आणि मथळ्यात कर्वेनगर घालते.’